नळ आहे, पण पाणी येतं का? घरोघरच्या पाहणीतून काय कळलं आणि काय कळलं नाही

जिल्हा अधिकाऱ्यांसाठी टिपण

निर्णय एकच घ्यायचा असेल तर तो हा: नळपाणी दुरुस्तीचा यंदाचा निधी आधी डोंगराळ भागाकडे वळवावा. या पाहणीतली सर्वांत भक्कम गोष्ट तीच आहे. बाकीचे आकडे जपून वापरावेत.

पाहणी पावसाळा संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत झाली. जिल्ह्याच्या पाच भागांतून प्रत्येकी १२ अशी ६० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. १,२०० पैकी १,१०४ घरांनी माहिती दिली. पाचही भागांतली घरांची संख्या जवळपास सारखी आहे.

नळ आणि पाणी

१०० पैकी सुमारे ८१ घरांत नळ बसवलेला आहे. कार्यालयीन नोंदीत हा आकडा ८४ आहे, म्हणजे नोंदी चुकीच्या आहेत असं म्हणायला आधार नाही. पण आम्ही पुढचा प्रश्न विचारला: गेल्या सात दिवसांत किमान चार दिवस पाणी आलं का? याला 'हो' म्हणणारी घरं १०० पैकी ६२ निघाली. एका घराच्या पत्रकावर कर्मचाऱ्याने कडेला लिहिलं आहे, "नळ आहे, तोटी काढून फडताळात ठेवली आहे. पाणी आलं की बसवतात." नोंदवहीत हे घर नळाचं आहे, आणि घरातली बाई मात्र अजून विहिरीवर जाते. पुढच्या आढाव्यात दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवावेत, अशी आग्रहाची विनंती.

६२ हा आमचा अंदाज आहे. सगळ्या घरांत आम्ही गेलो नाही, त्यामुळे खरा आकडा ५५ ते ६९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. (हीच पाहणी १०० वेळा नव्याने केली आणि दर वेळी अशीच खालची-वरची मर्यादा काढली, तर साधारण ९५ वेळा खरा आकडा त्या मर्यादेत सापडेल.) हजाराहून जास्त घरं पाहूनही अंदाज इतका सैल का? कारण एका गावातली घरं बहुधा एकाच टाकीवर असतात. टाकी बिघडली की विसाच्या विसांचा नळ कोरडा. म्हणून एका गावातली २० घरं ही वेगवेगळ्या गावांतल्या २० घरांइतकी माहिती देत नाहीत.

सुधारणा झाली का?

तीन वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर ५७ होतं, मर्यादा ५० ते ६४. आता ६२. वाढ दिसते, पण ती केवळ वेगळी गावं निवडली गेल्यामुळेही दिसू शकते. "पाच टक्क्यांनी सुधारणा" असं भाषणात किंवा अहवालात कृपया लिहू नये. काही बदललं नाही, असंही यावरून म्हणता येत नाही.

डोंगराळ भाग

इथे १०० पैकी ३१ घरांना पाणी मिळतं (१५ ते ४७). उरलेल्या चार भागांत मिळून ७० (६३ ते ७७). मर्यादा एकमेकींना भिडतही नाहीत. त्या चार भागांत आपसात मात्र क्रम लावू नये. प्रत्येकाचा अंदाज १५-१६ घरांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि त्यावरून कोणाला शाबासकी किंवा कारणे दाखवा नोटीस देणं अन्यायाचं होईल.

एक शंका आम्हालाही होती. माहिती न मिळालेल्या ९६ घरांपैकी ५८ डोंगराळ भागातली आहेत, बहुतेक कुलूपबंद, माणसं कामासाठी बाहेर. त्या सगळ्यांकडे पाणी येत नाही असं धरलं तर ३१ चा आकडा २३ वर येतो. सगळ्यांकडे येतं असं धरलं, जे फारसं संभवत नाही, तर ४८. तरीही ७० पासून तो लांबच राहतो.

जे मोजलेलं नाही

उन्हाळा. विहिरी भरलेल्या असताना ही परिस्थिती आहे. टंचाईच्या महिन्यांबद्दल ही पाहणी काहीच सांगत नाही. टँकरचं नियोजन या आकड्यांवर करू नये.

पाणी आणायला लागणारा वेळही वापरू नये. बहुतेक उत्तरं "अर्धा तास" किंवा "एक तास" अशी ठोकळ आली, घड्याळ लावून कोणी मोजलं नाही.

पुढची पाहणी

एप्रिल-मेमध्ये फक्त डोंगराळ भागात फेरपाहणी करावी. घरं तेवढीच, २४०, पण १२ गावांत २० ऐवजी २४ गावांत १०. प्रवासाचा खर्च वाढेल, पण अंदाजातली चूक १५-१६ घरांवरून ११-१२ वर येईल. कुलूपबंद घरांसाठी संध्याकाळी दुसरी फेरी ठेवावी आणि शेजाऱ्यांना विचारून पत्रक भरू नये. दुरुस्तीचं काम मात्र त्यासाठी थांबवू नये. कोणत्या टाक्या बंद आहेत हे पाहायला कर्मचारी या आठवड्यातही जाऊ शकतात.