दुपारच्या अर्ध्या तासाबद्दल

सुहास,

काल काउंटरवरून अचानक उठून आत गेलो, तू विचारलंस तेव्हा 'काही नाही' म्हणालो. समोर गिऱ्हाईक होतं म्हणून बोललो नाही. आज लिहितोय.

मार्चपासून माझं पोट बिघडलंय. सकाळी नऊला दोन भाकऱ्या खाऊन निघतो, त्यानंतर थेट रात्री. मधे चार वेळा चहा, तोही उपाशीपोटी. मार्चएंडला डबा उघडायला वेळ नव्हता आणि एप्रिलपासून आंबेवाल्यांचा भरणा. एकेकाची रक्कम मोजून होईपर्यंत मागे आठ जण उभे. कॅश अर्धवट टाकून उठायचं म्हणजे मोजलेलं पुन्हा मोजा, म्हणून मी उठतच नाही. पाणीसुद्धा कमी पितो, वारंवार जावं लागू नये म्हणून.

आधी नुसती जळजळ होती. मग बसून बसून कंबर धरली आणि मी दुपारी रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घ्यायला लागलो. तीच मोठी चूक झाली. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, उपाशीपोटी तर घेऊच नयेत. शिवाय पुढे वाकून तासन्‌तास बसलं की पोटावर दाब येतो आणि आंबट पाणी घशाशी येतं. पाणी कमी आणि हालचाल नाही, त्यामुळे पोट साफ होत नाही ते वेगळंच. गोळी बंद केली, अॅसिड कमी करणारं औषध सकाळी खाण्याआधी घ्यायला सांगितलंय. शौचाला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर लगेच यायला बजावलंय. पण औषधापेक्षा वेळेवर जेवण महत्त्वाचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

परवा डबा तसाच घरी नेला. झाकण उघडलं तर भात आंबलेला, कुळथाच्या पिठीला फेस आलेला. आई म्हणाली, 'डबो तसोच परत हाडलंस?' आणि पुढे काहीच बोलली नाही. ते मला फार लागलं.

मॅनेजरसाहेबांशी बोललोय. दीड ते दोन कॅश बंदचा बोर्ड लावायला ते तयार आहेत. ड्रॉवर आणि केबिन मी कुलूप लावून जाईन, तुला कॅशला हात लावायचा नाही. फक्त त्या वेळात आलेल्यांना टोकन देऊन बसवून घे आणि भरणा स्लिप नीट भरलीय का ते बघ. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना मात्र उभं ठेवू नकोस, आधी बाकावर बसव. दोन वाजता मी आलो की तू जेवायला ऊठ. तूही गेल्या आठवड्यात तीनदा वडापाववर दिवस काढलेला मी पाहिलाय.

सोमवारपासून सुरू करूया. पहिल्या दिवशी तुझ्यासाठीही डबा आणतो, आईला सांगितलंय.

— प्रकाश