मसाल्याच्या खर्चाचा वर्षाचा तक्ता (एप्रिल 2024 ते मार्च 2025)

वहिनी, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला तक्ता ओळ न् ओळ तपासला. मार्चचा आकडा बघून तुमच्या पोटात गोळा आला असं फोनवर म्हणालात, म्हणून आधी तेच सांगतो. मार्चचा खर्च खरंच मोठा आहे, 4,12,000 रुपये. पण त्यातले 2,64,000 एकट्या मिरचीचे आहेत. गेल्या एप्रिलला आपण 700 किलो मिरची सरासरी 210 रुपयांनी घेतली होती. यंदा भाव पडले म्हणून 165 नं 1,600 किलो भरली. त्यातली 1,000 किलो 31 मार्चला कोल्ड स्टोरेजमध्ये शिल्लक होती, म्हणजे 1,65,000 रुपयांचा माल अजून आपलाच आहे. तो शिल्लक साठ्यात दाखवायचा असतो. पैसे हातातून गेले हे खरं, पण तो तोटा नव्हे. भाव पडल्यावर माल भरलात हा निर्णय मला पटला.

वर्षाचा खर्च 19,95,000 रुपये होतो. तुमच्या तक्त्याच्या तळाशी मात्र 18,98,600 दिसतात. फरक 96,400 चा, आणि तो एकाच ओळीतला आहे. मार्चमधलं मिरचीचं एक बिल "96,400/-" असं लिहिलं गेलंय. तिरकी रेघ आली की तक्ता त्याला आकडा न समजता मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. त्या रकान्यात असे आणखी किती आहेत ते बघायला मी हे वापरलं:

```
=COUNTA(F5:F212)-COUNT(F5:F212)
```

उत्तर 1 आलं, म्हणजे तेवढं एकच. यापुढे रक्कम लिहिताना नुसते अंक लिहा.

फेब्रुवारी ते मे हे चार महिने मिळून 11,71,000 होतात, म्हणजे शंभरातले जवळपास 59 रुपये. घरोघरी वर्षाचा मसाला तेव्हाच होतो, त्यामुळे हे ठीकच आहे. पावसाळ्यात खर्च महिना लाखाच्या आत राहतो. ऑक्टोबरचा उंचवटा दिवाळीच्या ऑर्डरींचा, पण त्यात तेलाचाही वाटा आहे. ऑगस्टमध्ये 1,650 ला घेतलेला 15 किलोचा डबा ऑक्टोबरात 2,050 ला पडला. सप्टेंबरच्या मध्याला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, त्याचा हा परिणाम. त्यात आपल्या हातात फारसं काही नाही.

मला खरी काळजी वाहतुकीची वाटते. महिन्याची रक्कम लहान असल्यानं ती नजरेतून सुटते. विक्रीच्या वहीतले किलो घेऊन भागाकार केला: जुलैत 380 किलोला 3,420 रुपये, म्हणजे किलोला 9. जानेवारीत 410 किलोला 5,740, म्हणजे किलोला 14. माल जवळपास तेवढाच, खर्च दीडपट. कारण नोंदींतच दिसतं. ऑक्टोबरपर्यंत पुण्या-मुंबईचा माल आठवड्यातून एकदा जायचा, नोव्हेंबरपासून दोन-दोन, तीन-तीन डाग घेऊन टेम्पो वारंवार निघतो. गिऱ्हाइकाला वाट बघायला लावायची नाही हा तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तरी आठवड्याचे दोन दिवस ठरवून टाका, नाहीतर सीझनमध्ये हा फरक फार जड जाईल.

खटकलेल्या नोंदी या. पॅकिंगच्या पाउचचं 18,600 चं बिल 14 आणि 16 ऑक्टोबरला दोनदा आलंय, एकदा बिलावरून आणि एकदा बँकेच्या उताऱ्यावरून. एक काढतो. मे महिन्यात महावितरणचे 11,200 रुपये विजेच्या खर्चात धरलेत, पण ती वाढीव सुरक्षा ठेव आहे, खर्च नव्हे. या दोन्ही वगळल्या की खर्च 19,65,200 उरतो. मजुरीच्या एका नोंदीवर 3 मे 2025 अशी तारीख आहे, जी या तक्त्याच्या वर्षाबाहेरची आहे. ती 5 मार्च असावी, दिवस-महिन्याची अदलाबदल झालेली दिसते.

दोन गोष्टी मात्र तुम्हीच सांगू शकाल. नोव्हेंबरमध्ये "इतर" खाली 22,500 आहेत, पुढे काहीच लिहिलेलं नाही. घरातल्या कामाला काढले असतील तर तसं सांगा, धंद्याच्या खर्चातून बाजूला करू. आणि 28 मार्चला मिरचीसाठी एकाच माणसाला 45,000 रोख दिलेत. या वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 40A(3) प्रमाणे एका दिवसात एकाला 10,000 च्या वर रोख दिलं तर तो खर्च मान्य होत नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला सूट आहे, व्यापाऱ्याला दिलेल्या पैशाला नाही. म्हणून मिरची नेमकी कोणाकडून घेतली, ते पावतीसह कळवा. पावतीचा फोटो पाठवलात तरी चालेल. एवढं आलं की साठ्याचा आकडा घालून तक्ता सीएंकडे पाठवतो.