विषय: कोशी प्रमेयाच्या सिद्धतेतली एक ओळ पुन्हा समजून घ्यायची आहे

नमस्कार मॅडम,

मी सायली, एम.एस्सी. भाग १, सिन्नरहून येणारी. मंगळवारी तुम्ही ग्रुप थिअरीच्या तासाला कोशीचं प्रमेय घेतलंत. प्रमेय १८४५ चं, पण त्याची मॅके यांची १९५९ ची सिद्धता फळ्याच्या एका बाजूत मावते, असं तुम्ही म्हणालात. वर्गात मी मान डोलावली, कारण तेव्हा खरंच कळलंय असं वाटलं होतं. घरी वही मिटून स्वतः लिहायला बसले आणि पाचव्या ओळीशी अडले. प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, त्याबद्दल क्षमस्व.

तिथपर्यंतचं मला जे कळलंय ते आधी लिहिते, म्हणजे चूक त्यातच असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. p ही मूळ संख्या G च्या ऑर्डरला भागते. x₁x₂…xₚ = e होईल अशा p-p घटकांच्या सगळ्या माळा घ्यायच्या. पहिले p−1 घटक हवे ते घ्या, शेवटचा आपोआप ठरतो, म्हणून माळा |G|ᵖ⁻¹. पहिला घटक उचलून शेवटी ठेवला तरी गुणाकार e च राहतो, कारण x₂…xₚ हा x₁ चा इन्व्हर्स असतो. G अ‍ॅबेलियन नसला तरी हे चालतं, हे पटायला मला अर्धा तास लागला, पण पटलं.

मग पाचवी ओळ. माझ्या वहीत ती अशी आहे: “ऑर्बिटचा आकार ग्रुपच्या ऑर्डरला भागतो, म्हणून तो १ किंवा p.”

माझा गोंधळ यातल्या “ग्रुप” या शब्दापासून सुरू होतो. मी तो G समजले. मग G = S₃ आणि p = 3 घेतलं तर 6 चे भाजक 1, 2, 3, 6. ऑर्बिट 2 चा किंवा 6 चा का नको? खात्री करायला सगळ्या 36 माळा लिहून काढल्या. (बस द्वारका चौकात अडकली होती, वेळ भरपूर होता.) तीन एकट्या निघाल्या: (e,e,e), (r,r,r), (r²,r²,r²). उरलेल्या 33 तीन-तीनच्या 11 गटांत बसल्या. म्हणजे ओळ बरोबर आहे, मीच ती चुकीची वाचतेय.

रात्री वाटलं, इथला ग्रुप G नसून माळ फिरवणारा Zₚ असावा. त्याची ऑर्डर p, म्हणून भाजक फक्त 1 आणि p. पण लगेच दुसरी शंका आली, आणि खरं तर तीच मला जास्त छळतेय. G मध्ये p ऑर्डरचा घटक आहे हेच तर आपल्याला सिद्ध करायचंय. मग p ऑर्डरचा सायक्लिक ग्रुप आपण आधीच हाताशी घेतला, तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्यासारखं होत नाही का? मैत्रीण म्हणते, Zₚ फक्त जागांचे नंबर फिरवतो, त्या जागांवर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ऐकायला पटतं, पण मला कुणी उलटतपासणी घेतली तर मी टिकणार नाही.

p मूळ संख्या असण्याची गरज याच ओळीत आहे का, हेही बघून पाहिलं. क्लाइन ग्रुप V₄ मध्ये चार-चारच्या माळा घेतल्या, तर (a,b,a,b) दोनदा फिरवली की परत जागेवर येते. ऑर्बिट 2 चा निघाला, आणि V₄ मध्ये 4 ऑर्डरचा घटक नाहीच. हे उदाहरण इथे योग्य आहे का?

त्यापुढचं, म्हणजे एकट्या राहणाऱ्या माळांची संख्या p ने भागली जाते आणि (e,e,…,e) त्यात असल्यामुळे ती शून्य नसते, हे कळलंय. त्यामुळे पूर्ण सिद्धता पुन्हा नको. फक्त पाचवी ओळ आणि Zₚ येतो कुठून, एवढंच समजावून सांगाल का? गुरुवारी शेवटच्या तासानंतर मी स्टाफरूमबाहेर थांबू शकते, माझी बस साडेपाचची आहे. तुम्हाला दुसरी वेळ सोयीची असेल तर तेव्हा येईन. वर्गातल्या आणखी दोघींची गाडीही इथेच अडली आहे, चालत असेल तर त्यांनाही घेऊन येते.

त्या 36 माळांच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. अक्षर बसमधलं आहे, सांभाळून घ्या.

आपली विद्यार्थिनी,
सायली