एकतीस नंबरचा निरोप

२००५ च्या पुरानंतर जिन्याच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी त्या रेघेवर आलं आणि तिथे न थांबता वर चढत राहिलं. तळमजल्यावरच्या सगळ्यांनी सामान हिशेबाने रेघेच्या वर लावलं होतं. टीव्ही कपाटावर, तांदूळ माळ्यावर, ओट्यावर पाट, पाटावर मिक्सर. तो सगळा हिशेब तासाभरात बुडाला.

तारमास्तरांनी मात्र रेघेवर कधीच भरवसा ठेवला नव्हता. दत्ताराम साळवी हे त्यांचं नाव फक्त लाइटबिलावर. एरवी चिपळूणच्या त्या गल्लीत ते तारमास्तरच. तारखात्यात नोकरी केली, २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तरी नाव चिकटून राहिलं. पहाटे चारला त्यांनी वरच्या दोन पोरांना उठवलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर नेली. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी वाहून नेणं म्हणजे काय, ते वाहणाऱ्यालाच ठाऊक. पोरं शिव्या घालत होती. मास्तर पुढे टॉर्च धरून म्हणत होते, "आडवी करू नकोस रे, अ‍ॅसिड सांडेल."

सहा वाजेपर्यंत वीज गेली होती. आठपर्यंत एकेक करून सगळ्यांच्या मोबाइलची रेंज गेली. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की बुडाल्या, हे कळायला मार्ग नव्हता. लँडलाइन तर कुणाकडे उरलीच नव्हती.

गच्चीवर मास्तरांच्या हौशी रेडिओची अँटेना होती. पाण्याच्या टाकीच्या मध्यावरून दोन्हीकडे उतरती बांधलेली तार, एकेक बाजू दहा मीटरची. सोसायटीच्या दर मीटिंगला ती काढायचा विषय निघायचा आणि चहा आला की मागे पडायचा. बारीक सेटच्या व्हीएचएफ लहरी सह्याद्री ओलांडून पुण्याला जात नाहीत. पण चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दिवसा अशा बुटक्या अँटेनातून आवाज कारंज्यासारखा सरळ वर जातो आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत खाली पडतो. मध्ये डोंगर असला तरी त्याला फरक पडत नाही.

मास्तरांनी पॉवर चाळीस वॉटवर आणली, बॅटरी पुरायला हवी म्हणून. कॉलसाईन दिला. "इमर्जन्सी ट्रॅफिक फ्रॉम चिपळूण. एनी स्टेशन." तिसऱ्या हाकेला पुण्याच्या कुलकर्णीबाई आल्या. दोघं कित्येक वर्षं सकाळच्या रेडिओ-नेटवर बोलत होते. तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकांचा खोकला ओळखत होते.

"मास्तर, कोरडे आहात ना?"

"तिसऱ्या मजल्यावर आहे. कागद घ्या, बाई. पुष्कळ आहे."

इतर वेळी हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, दुसऱ्याचे निरोप पोचवता येत नाहीत, परवान्यातच तसं असतं. आपत्तीत ती मोकळीक मिळते. मास्तरांनी समोरच्या घरच्या मृण्मयीला वही दिली. तिची बारावीची परीक्षा त्या वर्षी रद्दच झाली होती, पेन हातात धरायला कारण मिळालं. नंबर, कुणाकडून, कुणाला, मजकूर, वेळ. मजकूर दहा शब्दांत.

"दहाच?" परवीनभाभी म्हणाल्या. "दहात तर माझं सलाम-दुआच होतं."

त्या तळमजल्यावरच्या. आदल्या दिवशी बकरी ईद झाली होती. फ्रीज सोडला, पण मटणाचं पातेलं तेवढं वर आणलं होतं. चातुर्मास लागून दोनच दिवस झालेले, त्यामुळे अर्धी इमारत भाकरीशी मटण खात होती आणि अर्धी नुसत्या भाकरीशी वास.

दुपारपर्यंत गल्लीतल्या पाचही इमारतींना बातमी गेली की तारमास्तरांकडून पुण्या-मुंबईला निरोप जातात. लोक गॅलऱ्यांतून ओरडून मजकूर सांगायचे, मृण्मयी लिहून घ्यायची. उत्तर आलं की तीच ओरडून सांगायची. "शेट्येऽऽ! ठाण्याहून! आम्ही सगळे ठीक, बाळाने दूध घेतलं!" मग आख्ख्या गल्लीला बरं वाटायचं. मधल्या वीस फुटांत तपकिरी पाणी धावत होतं, त्यातून सिलिंडर, म्हशीचं दावं, कुणाचं तरी कपाट वाहत जात होतं. कपडे वाळत घालायची दोरी दोन गॅलऱ्यांत बांधून त्यावरून पिशवी सरकवायची सोय पोरांनी सकाळीच केली होती. मेणबत्त्या, दूध पावडर, बिस्किटं.

कोयनेतून किती पाणी सोडलं, हे जो तो विचारत होता. आकडेही जो तो सांगत होता. मास्तरांनी एकही आकडा गल्लीत जाऊ दिला नाही. "सरकारी माणसाने सांगितलं असेल तरच लिहून घे," असं ते मृण्मयीला म्हणाले. एनडीआरएफच्या तुकड्या पुण्याहून निघाल्यात, हे बाईंनी कंट्रोल रूमला फोन करून विचारलं, तेव्हाच ते ओरडून सांगायची परवानगी मिळाली.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सतीश पाटणकर. बाजारपेठेत कापडाचं दुकान, ते छपरापर्यंत पाण्यात. त्याची आई महिनाभर पुण्याला लेकीकडे होती, हॉस्पिटलात. वडील अण्णा सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. दर अर्ध्या तासाने विचारायचे, "तारमास्तर, सुनीताचं काय आलं का हो?"

"नाही, अण्णा. आला की सांगतो."

साडेचारला कुलकर्णीबाईंचा आवाज आला. आधीच्या निरोपांना जी घाई होती, ती आता नव्हती.

"नंबर एकतीस. टू सतीश पाटणकर. पाटील नव्हे, पाटणकर. फ्रॉम सुनीता. मजकूर सांगते. आई दुपारी गेली. सातपर्यंत थांबतो. काय करू कळव. ओव्हर."

मास्तरांनी जसाच्या तसा वाचून परत दिला. मृण्मयीने लिहिलं आणि सवयीने गॅलरीकडे निघाली.

"थांब गो."

नोकरीत अशा तारा त्यांनी शेकडो घेतल्या होत्या. त्या गुलाबी पाकिटातून शिपाई घेऊन जायचा. दार लोटून घरातला माणूस वाचायचा. चाळीस माणसांच्या देखत, म्हाताऱ्याच्या डोक्यावरून ओरडून कुणाची आई गेल्याचं कधी सांगायची वेळ आली नव्हती. त्यांनी कागद फाडून चार ओळी लिहिल्या, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. पिशवी दोरीला लावताना हात थांबला.

सकाळपासून तीस निरोप ओरडून गेले. एकतिसावा घडी घालून गेला, तर त्यात काय आहे हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. अण्णा तर बँकेतून रिटायर झालेले.

"मृणू, सतीशच्या इमारतीचे आजचे सगळे निरोप परत लिहून काढ. एकेका कागदावर. शेट्ये, दाभोळकर, सगळे."

"पण ते सांगून झालेत."

"पोचपावती म्हणून लिही. सही घेऊ सगळ्यांची."

सहा कागद झाले. त्यात वीस मिनिटं गेली, आणि मास्तर एका डोळ्याने घड्याळ बघत होते. सूर्य कलला की चाळीस मीटरचा पट्टा जवळच्या माणसाला ओळख देत नाही. सातच्या सुमाराला पुणं बुडणार आणि कुठलातरी परदेश वर येणार, हे ठरलेलं.

पिशवी निघाली, मध्यावर अडकली. एका पोराने काठीने ढोसली. पलीकडे शेट्यांच्या सुनेने कागद वाटले.

"काय आलं?" अण्णा.

"पोचपावत्या आहेत, अण्णा," मास्तर म्हणाले. मग खुर्चीतल्या त्या माणसाकडे बघून त्यांना ते पुरेसं वाटेना. "सुनीताचा निरोपही आहे. सतीशला दिलाय."

सतीश कागद घेऊन आत गेला. अण्णा दाराकडे वळून बसले. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मास्तर हेडफोन घालून बसले, कारण गॅलरीत उभं राहून वाट बघणं बरं दिसलं नसतं.

पावणेसातला पिशवी परत आली. पाच सह्या आणि एक उत्तर. *थांबू नका. अग्नी भाच्याने द्यावा. अण्णांना मी सांगेन.*

मास्तरांनी पुण्याला हाक मारली. खरखर. परत मारली. बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा एकदा वर आला आणि गेला. विजा पडत होत्या, प्रत्येक विजेला कानात फडाका. सहा पन्नास. त्यांनी माईक बाजूला ठेवला आणि ड्रॉवरमधून पितळी की काढली. आवाज जिथे फाटतो तिथे मोर्सचा बारीक सूर तरून जातो. बाईंचा परवाना खालच्या श्रेणीचा, त्यांना मोर्स येत नव्हतं. पण ऐकणारं कुणी ना कुणी असतं.

होतं. बंगळूरूचं स्टेशन, सूर स्वच्छ. संध्याकाळी जवळचं जातं तसं लांबचं येतं. त्याला मास्तरही ऐकू येत होते आणि पुणंही.

रोमन अक्षरांत मराठी पाठवणं मास्तरांना नवं नव्हतं, उभी हयात तेच केलं होतं. टी, एच, ए, एम, बी, यू. बंगळूरूच्या माणसाने अक्षरन् अक्षर उतरवून परत पाठवलं. 'अग्नी' त्याला कळलं असावं, कारण पुढे त्याने थोडं थांबून हळू विचारलं, मराठी येत नाही, हे दुःखाचं आहे का?

मास्तरांनी 'हो' पाठवलं. मग बंगळूरूवाला म्हणाला, तीन वेळा वाचून दाखवतो पुण्याला.

माईकवरून त्याने ते पुण्याला वाचलं. मास्तरांना त्याचा आवाज गर्दीतून अर्धामुर्धा येत होता: "थाम्बू नका. आय स्पेल. टँगो, हॉटेल, अल्फा..." बाई काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं. मृण्मयी हेडफोनला कान लावून बसली होती, तिला मोर्स कळत नसूनही.

सात वाजून तीन मिनिटांनी सूर परत आला. पुणे क्यूएसएल, म्हणजे निरोप पोचला. निघाले. मृण्मयीने वेळ लिहिली.

समोर गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. आत कंदील लागला होता. सतीशचं दार लोटलेलं, आणि शेट्यांची सून तिथे चहाचं भांडं घेऊन आत जावं की नाही अशी उभी होती.

"तो बंगळूरूवाला आहे अजून?" परवीनभाभींनी विचारलं.

"आहे."

"माझा भाऊ दुबईला असतो. त्याला जाईल का?"

"बंगळूरूहून फोन करेल तो. दहा शब्द."

भाभींनी बोटं मोजली. "सलाम. आम्ही सगळे वर आहोत. फ्रीज गेला. मटण वाया नाही गेलं."

"अकरा झाले," मृण्मयी म्हणाली.

"सलाम काढू नको," मास्तर म्हणाले आणि कीवर बोट ठेवलं. "फ्रीजमधला 'गेला' काढ. त्याला कळेल."