परांची, सेंट्रिंग आणि स्लॅब खोलणं: साइटवरच्या सगळ्यांसाठी सूचना

कळंबा रिंगरोडच्या साइटवरचे गवंडी, सेंट्रिंगवाले, बारबेंडर, बिगारी, मावश्या, सगळ्यांना. साहेबांनी दिलेला सेफ्टीचा कागद इंग्रजीत आहे, भिंतीवर चिकटवला तरी वाचणार कोण, म्हणून एकेक ओळ त्यांना विचारून आपल्या शब्दांत लिहिलीय. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्यानं वाचून दाखवायचं.

पहिलं खोलायचं सांगतो, कारण कागदावरचा 3 दिवसांचा आकडा ऐकून परवा दोघंजण म्हणाले, मग गुरुवारी स्लॅब खोलतो. तसं नाही ओ! 3 दिवसांनी फक्त स्लॅबखालच्या प्लेटा निघतात, त्यापण थोड्या थोड्या, आणि प्लेट निघाली की तिथं लगेच टेकू परत लावायचा. टेकू म्हणजे जॅक, बल्ली, जे काय खाली उभं आहे ते. त्याचे दिवस आयएस 456 या काँक्रीटच्या नियमांच्या पुस्तकात वेगळे दिलेत. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असला तर 7 दिवस, त्याहून मोठा असला तर 14. बीमखालचे टेकू 6 मीटरच्या गाळ्यापर्यंत 14 दिवस, त्याच्यावर 21. बीमच्या तळाच्या प्लेटा 7 दिवसांनी, तिथंपण टेकू लगेच परत. कॉलमच्या आणि बीमच्या साइडच्या प्लेटा 16 ते 24 तासांनी काढता येतात, कारण त्यांच्यावर वजन पेललेलं नसतं.

हे सगळे कमीत कमी दिवस, तेपण ओपीसी सिमेंटचे. आपण पीपीसी वापरतोय, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून दिवस वाढणार. किती ते साहेब प्रत्येक स्लॅबला सांगतील आणि मी कॉलमवर खडूनं तारीख लिहीन. तारीख नसेल तर एकपण जॅक ढिला करायचा नाही, मुकादम म्हणाला तरी, मालक म्हणाला तरी.

खोलताना गाळ्याच्या मधनं सुरू करून दोन्ही बाजूंना जायचं. बाल्कनी आणि छज्जाला उलटं, मोकळ्या टोकाकडनं भिंतीकडं यायचं. खाली कोणी उभं राहायचं नाही, प्लेट फेकायची नाही, आणि फळीतले खिळे तिथल्या तिथं उपटायचे, चपलेतनं आरपार जातात.

आता सेंट्रिंग लावताना. 5 इंची स्लॅब म्हणजे एका ब्रासला, 100 चौरस फुटाला, जवळपास 3 टन माल, वर माणसं आणि व्हायब्रेटर वेगळे. एवढं वजन जॅकच्या तेवढ्याशा पायावर येतं, म्हणून जॅकखाली जाड फळी पाहिजेच, विटेचा तुकडा चालणार नाही, वीट फुटते. पिन हरवली म्हणून सळीचा तुकडा घालायचा नाही, माझ्याकडनं पिन मागून घ्या. जॅक ओळंब्यात उभा पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी आडवे-तिरके पाइप बांधलेले पाहिजेत. पूर्वी एका साइटवर जुलैच्या पावसात भरावाची माती भिजली, रात्रीत जॅक खचले आणि सकाळी स्लॅबला पोट आलं. त्या दिवशी खाली कोणी झोपलं नव्हतं म्हणून वाचलो, तेव्हापासून पाऊस पडून गेला की मी आधी जॅकचे पाय बघतो, तुम्हीपण बघा. ओतणी चालू असताना एक सेंट्रिंगवाला सुरक्षित बाजूला उभा राहून टेकूंवर नजर ठेवेल. जॅक वाकला किंवा खचला दिसला की ओरडायचं आणि ओतणी थांबवायची, आत शिरून ठोकत बसायचं नाही. माल एका जागी ढीग करून टाकू नका, पसरत चला.

परांची. कागदात ज्याला गार्डरेल म्हटलंय ती आपली कमरेच्या वरची आडवी रेलिंग, आणि टो बोर्ड म्हणजे कडेची उभी फळी, तिच्यामुळं थापी-वीट खालच्याच्या डोक्यात पडत नाही. दोन्ही पाहिजेत. फळ्या सलग टाकून दोन्ही टोकांना बांधायच्या, नुसत्या ठेवलेल्या फळीवर पाय द्यायचा नाही. परांची बिल्डिंगला बांधलेली असते ते बांध प्लास्टरला आडवे येतात म्हणून सोडू नका, मला सांगा, दुसरीकडं बांध घेऊन मगच तो सोडू. चढायचं शिडीवरनं, पाइपवरनं नाही. शिडी 4 फूट उंचीला 1 फूट पुढं, आणि वरच्या फळीच्या 3 फूट वर निघालेली.

बेल्टचा हुक डोक्याच्या वर, मी दाखवलेल्या दोरीला. बेल्ट घालून हुक मोकळा लोंबत असेल तर बेल्ट नाहीच समजा. मागच्या बाजूला लाइटची तार आहे, तिकडं पाइप उभा करून न्यायचा नाही. जोराचा वारा-पाऊस आला की सगळे खाली, पाऊस थांबला तरी मी परांची बघेपर्यंत वर जायचं नाही, त्या वेळेचा पगार कापणार नाही.

कोणी पडलं तर उचलून पळू नका, मान-पाठ हलवू नका, 108 ला फोन करा आणि एकजण गेटवर उभा राहा, गाडीला आत वळायची जागा दाखवायला. सोमवारी सकाळी 8 ला हे सगळं परांचीपाशी उभं राहून परत वाचणार आहे, काय पटलं नसेल तर तिथं बोला.