स्वाध्यायपत्रिका: रक्ताभिसरण (रिकाम्या जागा भरा)

इयत्ता आठवी, विज्ञान. एकूण गुण 20, वेळ 30 मिनिटे.

वाक्यं पाठातलीच आहेत, काही ठिकाणी दोन वाक्यं जोडून एक केलं आहे. पुस्तक मिटून सोडवा. एका जागेला एक गुण. पर्याय मुद्दाम दिलेले नाहीत. शब्द आठवला नाही तर वाक्य शेवटपर्यंत वाचा, बऱ्याचदा सुगावा पुढेच असतो. उत्तर वाक्यात बसेल असं, प्रत्ययासकट लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर गुण जाणार नाही, पण धमनीच्या जागी शीर लिहिलीत तर जाईल.

अ. रक्त

रक्त ही द्रवरूप संयोजी (1) ________ आहे. रक्तातील फिकट पिवळसर द्रव भागाला (2) ________ म्हणतात. त्यात सुमारे 90 टक्के पाणी असते. तांबड्या पेशींना लाल रंग (3) ________ येतो आणि त्याच्या घडणीत (4) ________ हा धातू असतो. पक्व तांबड्या पेशीत (5) ________ नसते. ती सुमारे 120 दिवस जगते. रोगजंतूंशी लढण्याचे काम (6) ________ पेशी करतात, तर जखम झाल्यावर रक्त गोठण्यास (7) ________ मदत करतात.

आ. रक्ताची फेरी

हा उतारा सलग आहे. कच्च्या कागदावर हृदयाचे चार कप्पे काढा आणि वाचता वाचता बाण ओढत जा. आकृतीत हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, तेवढं ध्यानात ठेवा.

शरीरभरातून परतलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त महाशिरांमधून उजव्या (8) ________ येते. तेथून ते झडप ओलांडून उजव्या (9) ________ उतरते. हा कप्पा आकुंचन पावला की रक्त (10) ________ फुप्फुसांकडे जाते. तेथे रक्तातील (11) ________ हा वायू बाहेर टाकला जातो आणि ऑक्सिजन रक्तात मिसळतो. ऑक्सिजनयुक्त रक्त फुप्फुस शिरांमधून हृदयाच्या (12) ________ बाजूला, वरच्या कप्प्यात येते, खालच्या कप्प्यात उतरते आणि (13) ________ सर्व शरीरात पोहोचवले जाते. इतक्या दूरवर रक्त ढकलायचे असल्याने डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा (14) ________ असते. एका पूर्ण फेरीत रक्त हृदयातून (15) ________ जाते, म्हणून याला दुहेरी अभिसरण म्हणतात.

इ. ठोके आणि दाब

हृदयाचा ‘लब-डब’ आवाज (16) ________ बंद होताना येतो. निरोगी प्रौढ व्यक्तीचा रक्तदाब सुमारे 120/80 मिमी पारा असतो. यांतील 120 हा दाब निलय (17) ________ पावताना मोजला जातो.

ई. शोध

रक्त शरीरात फेरी मारते हे (18) ________ यांनी 1628 मध्ये पुस्तक लिहून मांडले. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म (19) ________ मात्र त्यांना पाहता आल्या नाहीत. त्या 1661 मध्ये मार्सेलो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. मानवी रक्तगटांच्या शोधासाठी (20) ________ यांना 1930 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

उत्तरसूची (सगळं सोडवून झाल्यावरच उघडा)

1. ऊती
2. रक्तद्रव. ‘प्लाझ्मा’ लिहिलं तरी चालेल.
3. हिमोग्लोबिनमुळे
4. लोह
5. केंद्रक
6. पांढऱ्या (श्वेत)
7. रक्तपट्टिका. ‘प्लेटलेट’ही ग्राह्य.
8. अलिंदात. काही पुस्तकांत यालाच कर्णिका म्हणतात, तेही बरोबर.
9. निलयात किंवा जवनिकेत. आठ आणि नऊची अदलाबदल झाली असेल तर दोन्ही चूक धरा.
10. फुप्फुस धमनीतून. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ असं पाठ केलेलं असतं आणि इथे ते उलटं पडतं. हृदयाकडून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. आत कोणतं रक्त आहे त्यावर नाव ठरत नाही. नुसतं ‘धमनीतून’ लिहिलं असेल तर अर्धा गुण.
11. कार्बन डायऑक्साइड
12. डाव्या
13. महाधमनीतून
14. जाड. ‘मजबूत’ लिहिणाऱ्यालाही गुण द्या, त्याला मुद्दा कळला आहे.
15. दोनदा
16. झडपा
17. आकुंचन. ‘प्रसरण’ चूक, 80 हा आकडा त्या वेळचा.
18. विल्यम हार्वे
19. केशवाहिन्या. ‘केशिका’ही चालेल.
20. कार्ल लँडस्टायनर. आडनाव पुरेसं आहे, स्पेलिंगवरून वाद नको.