दूध पुरतंय का? अंगावर पाजणाऱ्या आईसाठी माहितीपत्रक

(प्रसूतिपश्चात कक्ष, उपजिल्हा रुग्णालय. डिस्चार्जच्या कागदांसोबत घरी न्या. सासूबाई, आई, नवरा यांनाही वाचायला द्या.)

ताई, घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री बाळ रडत राहील आणि कोणीतरी म्हणेल, "हिला दूधच नाही." बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. ते ऐकून पावडरच्या दुधाचा डबा आणायच्या आधी हा कागद काढा. दूध कमी आहे की नाही, हे छाती जड वाटते की हलकी, यावरून कळत नाही. बाळाच्या रडण्यावरूनही कळत नाही. ते कळतं लंगोटावरून आणि वजनकाट्यावरून.

पहिले काही दिवस

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. तो पिवळसर, घट्ट आणि अगदी थोडा असतो. एका वेळेला चमचाभर, तेवढाच. बाळाच्या पोटात तेव्हा मावतंही तेवढंच. पांढरं, पातळ दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा साखर असेल तर एखादा दिवस उशीर होतो. या दिवसांत दूध आणणारी गोष्ट म्हणजे वारंवार पाजणं: दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा. घड्याळ लावून नको, बाळ तोंड वळवायला, मूठ चोखायला लागलं की घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. रडून रडून थकलेलं बाळ नीट ओढत नाही.

वजन परत जन्माएवढं होईपर्यंत झोपाळू बाळाला उठवून पाजा. दिवसा तीन तासांपेक्षा आणि रात्री चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. दुपटं सोडा, तळपायाला हलकेच चोळा, अंगावर उघडं घ्या. "शहाणं आहे, झोपूनच असतं" असं कौतुक ज्या बाळाचं होतं, त्याच्याकडे आम्ही जास्त लक्ष देतो.

लंगोट मोजा

पहिल्या दिवशी किमान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा चांगली भिजलेली, फिकट रंगाची शू व्हायला हवी. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. तिसऱ्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दाखवायला या.

शी आधी काळी, डांबरासारखी असते. मग हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, दाणेदार व्हायला हवी, दिवसातून तीन-चार वेळा. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर बाळाला दूध कमी जातंय, असं धरून चाला. महिना-दीड महिना उलटल्यावर मात्र काही बाळं दोन-चार दिवसांनी एकदाच शी करतात. वजन वाढत असेल आणि शी मऊ असेल तर ते चालतं.

डायपर वापरत असाल तर ओला किती झाला ते कळत नाही. निदान पहिले दहा दिवस साधे सुती लंगोट घ्या. दाराच्या मागे कागद चिकटवा, शूसाठी उभी रेघ आणि शीसाठी फुली मारा. रात्री तीन वाजता डोकं चालत नाही, रेघ मारता येते.

वजन

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतंच. समजा, बाळ 2 किलो 800 ग्रॅमचं जन्मलं आणि चौथ्या दिवशी 2 किलो 600 भरलं. उतार सुमारे 7 टक्के झाला. पाजणं एकदा बघून घ्यायचं, एवढंच. तेच बाळ 2 किलो 520 च्या खाली गेलं तर उतार 10 टक्क्यांपेक्षा जास्त झाला, त्याच दिवशी तपासायला हवं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वजन वाढू लागावं, दोन आठवड्यांपर्यंत जन्माएवढं परत यावं आणि पुढचे तीन महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम भर पडावी. वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. दुपट्यासकट केलेलं वजन आमच्यासाठी वजनच नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतील. दर वेळी आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

ज्या गोष्टींची उगाच भीती वाटते

संध्याकाळी सहा ते दहा बाळ सतत अंगावर मागतं, सोडलं की रडतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हे नेहमीचं आहे. तीन आठवडे आणि सहा आठवडे झाले की दोन-तीन दिवस जास्तच मागतं. त्या मागण्यानेच दूध वाढतं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात छाती मऊ पडते, दूध गळायचं थांबतं. याचा अर्थ शरीराला बाळाचा अंदाज आला. पान्हा फुटताना मुंग्या आल्यासारखं अनेक जणींना जाणवत नाही, तरी दूध येतं. आणि पंपावर निघालेलं दूध म्हणजे तुमच्या दुधाचं माप नव्हे. वॉर्डात एक ताई पंपाच्या बाटलीत तळाशी आलेलं दूध दाखवत रडत होती. बाळ मांडीवर होतं, गालगुटगुटीत, आणि काट्यावर दहा दिवसांत 260 ग्रॅम वाढलेलं. तिच्या पंपाचा कप लहान होता, इतकंच.

दूध कसं वाढतं

छाती रिकामी होते तेवढी ती भरते. साठवून ठेवलं तर शरीर कमी बनवायला लागतं. म्हणून "थोडं साचू दे, मग पाज" हा सल्ला उलटा पडतो. वरच्या दुधाचंही तसंच: एक बाटली दिली की बाळ तेवढा वेळ ओढत नाही, मागणी घटते, दूध घटतं, मग दुसरी बाटली. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वरचं दूध जरूर द्या. पण ते वाटी-चमच्याने द्या आणि तेवढ्या वेळा हाताने दूध काढत राहा.

पाजायची पद्धत आधी बघा. पाठीला भिंतीचा आधार घ्या, बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटू द्या, नाक बोंडीसमोर आणा. बाळाने जांभईएवढं तोंड उघडलं की त्याला जवळ ओढा, तुम्ही खाली वाकू नका. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं हवं. सुरुवातीची ओढ पटापट असते, मग संथ: तोंड उघडतं, क्षणभर थांबतं, मिटतं. ते थांबणं म्हणजे घोट. नुसतं चुटूचुटू चोखतंय, घोट नाही, असं झालं तर स्तन हाताने हळूच दाबून धरा, घोट पुन्हा सुरू होतील. एक बाजू सोडल्यावर दुसरी द्या. पहिल्या काही ओढी सोडून पुढेही दुखत राहिलं, किंवा बोंडी लिपस्टिकसारखी चपटी होऊन बाहेर आली, तर पकड चुकतेय. करंगळी तोंडात घालून सोडवा, पुन्हा घ्या. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर बाळाचे पाय तुमच्या कुशीखालून पाठीकडे न्या.

रात्रीचं पाजणं टाळू नका. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं छातीवर घेऊन पडा, अंगावरून चादर घ्या. तुम्हाला झोप आली की मात्र बाळ दुसऱ्याकडे द्या.

खाणं, लाडू, औषधं

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, खसखस: आवडत असेल ते खा. त्याने दूध नक्की वाढतं असा भरवसा मात्र आम्ही देणार नाही. पोटभर जेवण, तहान लागेल तितकं पाणी आणि मिळेल तेवढी झोप एवढं पुरे. पाणी कमी प्यायचं, डाळ-भाजी टाळायची, हे पथ्य सोडून द्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. दूध वाढवण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. पाळणा लांबवायची गोळी सुरू करण्याआधी विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने दूध कमी होऊ शकतं, दुसरे पर्याय आहेत.

बाळाला पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, मे महिन्यातही नको. मध, गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर काहीही नको. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नाही.

दूध खरंच कमी असू शकतं

काही जणींना प्रयत्न करूनही दूध कमी पडतं, आणि ते हट्टाने झाकण्यात बाळाचंच नुकसान आहे. प्रसूतीत खूप रक्त गेलेलं असणं, वार किंवा वारेचा तुकडा आत राहिलेला असणं, थायरॉइड, पीसीओएस, स्तनांवर झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपणात छातीत काहीच बदल न होणं, ही कारणं असू शकतात. बाळाकडून जीभ चिकटलेली असणं किंवा महिने भरण्याआधी जन्म. यातलं काही असेल तर पहिल्या आठवड्यातच सांगा. थोडं आईचं आणि थोडं वरचं, असंही चालतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाजण्याच्या तपासणीसाठी कधी यायचं

एक-दोन दिवसांत या: पाचव्या दिवशीही शी पिवळी झाली नसेल, शू सहापेक्षा कमी असेल, दोन आठवड्यांत वजन जन्माएवढं आलं नसेल, प्रत्येक पाजण्याला तासभर लागत असेल तरी बाळ शांत होत नसेल, बोंड्यांना चिरा पडल्या असतील, किंवा तुमच्या मनातून शंका जात नसेल.

त्याच दिवशी या: चौथ्या दिवसापर्यंत दूध उतरल्याची काहीच खूण नसेल, वजन 10 टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं असेल, बाळ उठवूनही नीट ओढत नसेल, स्तनावर लाल, कडक, दुखरा भाग आणि तुम्हाला ताप असेल. गाठ आली तरी त्या बाजूने पाजणं थांबवू नका.

थांबू नका, 108 किंवा 102 ला फोन करा: बाळ पीतच नसेल, मलूल असेल, पहिले तीन दिवस उलटल्यावर आठ तास शू झाली नसेल, ताप (काखेत 37.5 अंश सेल्सिअस किंवा जास्त) असेल किंवा अंग गार पडलं असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जात असेल, झटके, तळहात-तळपाय पिवळे, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ. काविळीला कोवळं ऊन हा उपचार नाही. तुमचा रक्तस्राव अचानक वाढला तरी हेच करा.

सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर आम्हाला सांगा किंवा टेलिमानसला 14416 वर फोन करा, दिवसा-रात्री केव्हाही. हेही तपासणीचं कारण आहे.

कुठे यायचं

तळमजला, लसीकरणाच्या खोलीशेजारी, खोली क्रमांक 12. सोमवार ते शनिवार, सकाळी 9 ते दुपारी 1. केसपेपरशिवाय या, पण कार्ड आणि लंगोटांची ती रेघांची चिठ्ठी घेऊन या. बाळ उपाशी आणू नका, पोट भरून झोपवूनही आणू नका. आम्हाला ते इथे पिताना बघायचं आहे, आधी वजन, पाजून झाल्यावर पुन्हा वजन. तासभर जाईल, तुमच्या जेवणाचा डबा घेऊन या. आणि रात्री बाळ रडलं की जे उठतात, मग त्या सासूबाई असोत, आई असो की नवरा, त्यांनाही सोबत आणा.